त्याचे साठ चालले, तुमचे एकसष्ट का नाही?

«ताई, नमस्कार. मी सातपूर एमआयडीसीत प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या व्हिसासाठी, पॉइंट्सच्या हिशोबात इंग्रजीचे दहा गुण हवे आहेत. १४ जून २०२५ ला पीटीई ॲकॅडमिक दिली : लिसनिंग ६७, रीडिंग ६१, रायटिंग ७२, स्पीकिंग ८४. रीडिंगमुळे अडकलो. मग १३ डिसेंबरला कॉम्प्युटरवर आयईएलटीएस ॲकॅडमिक दिली : लिसनिंग ७.५, रीडिंग ७.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. ओव्हरऑल ७ आले, तरी आता रायटिंगमुळे अडकलो! माझ्या मित्राने सप्टेंबरमध्ये पीटीई दिली. त्याचे गुण ६३, ६०, ७० आणि ७७. चारही माझ्यापेक्षा कमी, पण त्याला दहा गुण मिळाले. कॉलेज रोडवरचे कन्सल्टंट म्हणतात, सरळ पुन्हा पीटीई द्या. माझं खरं इंग्रजी कोणतं? कोणती परीक्षा देऊ? हे निकाल किती दिवस चालतात, आणि कॅनडासाठी वापरता येतील का? — एक वाचक, सातपूर, नाशिक»

नमस्कार.

मित्राच्या निकालाने तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमच्यावर कुणी अन्याय केलेला नाही, आणि मित्राने काही युक्तीही केलेली नाही. तुम्हा दोघांचे निकाल दोन वेगवेगळ्या तक्त्यांवर मोजले गेले. ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाने ७ ऑगस्ट २०२५ पासून इंग्रजीच्या परीक्षांचे किमान गुण बदलले. दहा गुण देणाऱ्या पातळीला ते ‘प्रोफिशियंट’ म्हणतात. त्याआधी या पातळीसाठी पीटीईत चारही कौशल्यांत ६५ लागायचे. नव्या तक्त्यात लिसनिंगला ५८, रीडिंगला ५९, रायटिंगला ६९ आणि स्पीकिंगला ७६ लागतात. मित्राचे ६३, ६०, ७०, ७७ नव्या तक्त्यावर चारही ठिकाणी बसतात, तीन ठिकाणी तर जेमतेम एका गुणाने. तुमचे गुण नव्या तक्त्यावर त्याच्यापेक्षा आरामात बसले असते. पण तक्ता ठरतो परीक्षेच्या तारखेवरून. अर्ज कधी केला, याला त्यात काही अर्थ नाही. तुम्ही जूनमध्ये बसलात, म्हणून तुमच्या ६१ ला जुना ६५ चा उंबरठा लागला.

उलट बाजूही बघा. कुणाला जून २०२५ मध्ये ६६, ६५, ६६, ६८ पडले असतील, तर त्याला दहा गुण मिळाले. हेच गुण सप्टेंबरमध्ये पडले असते, तर तो रायटिंग आणि स्पीकिंग दोन्हीकडे नापास झाला असता. बदलाने पीटीई सोपी झाली असं बाहेर सांगितलं जातं, तसंच ती अवघड झाली असंही सांगितलं जातं. दोन्ही अर्धवट आहे. ऐकण्या-वाचण्यात कमी आणि बोलण्यात तेज असणाऱ्याला एका बाजूने सवलत मिळाली आणि दुसऱ्या बाजूने चाप बसला.

हे उंबरठे वेगवेगळे का करावे लागले, हे कळलं की तुमच्या ‘खरं इंग्रजी कोणतं’ या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. दोन परीक्षांची तुलना अशी करतात : काही माणसांना दोन्ही परीक्षा द्यायला लावायच्या आणि दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवायचे. समजा, शंभर मुलांना आधी गंगापूर धरणाच्या पाण्यात पोहायला लावलं आणि मग पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लावल्या. पोहण्यात एका ठरावीक वेळेच्या आत येणारी तीस मुलं निघाली. मग पायऱ्यांची अशी वेळ शोधायची की तिच्या आतही तीसच मुलं येतील. या दोन वेळा ‘समान’ असं तक्त्यात लिहायचं. तुलना एवढीच असते. पण पोहण्यातली तीस आणि चढण्यातली तीस ही तीच मुलं असतील, असं कुणी म्हटलेलं नाही. बरीचशी तीच असतील, काही वेगळी असतील. आयईएलटीएसचे ७ म्हणजे पीटीईचे इतके, हे वाक्य गटाविषयी खरं असतं. एका माणसाच्या बाबतीत ते चुकू शकतं, आणि तुमच्या बाबतीत ते दोनदा, दोन वेगळ्या दिशांनी चुकलं.

जुन्या तक्त्यात चारही कौशल्यांना एकच आकडा होता. पण पीटीईचं स्पीकिंग आणि पीटीईचं लिसनिंग यांच्यात वरचे गुण मिळवणं सारखं अवघड नाही. तुमच्याच निकालात बोलण्याला ८४ आणि ऐकण्याला ६७ आहेत. आयईएलटीएसमध्ये मात्र ऐकणं बोलण्यापेक्षा अर्ध्या बँडने वर आहे. म्हणून नव्या तक्त्यात आयईएलटीएसच्या एकाच ७ समोर पीटीईचे चार वेगळे आकडे आले.

आता वळू रायटिंगकडे. तुमची खरी अडचण तिथे आहे आणि दोन परीक्षांमधला फरक सगळ्यात उघड तिथेच दिसतो. दोन्ही निकालांवर ‘रायटिंग’ हाच शब्द छापलेला असतो, पण त्यामागचं काम निराळं असतं. आयईएलटीएसमध्ये साठ मिनिटांत दोन लेखनं असतात. पहिलं किमान १५० शब्दांचं, आलेख किंवा तक्त्याचं वर्णन. दुसरं किमान २५० शब्दांचा निबंध, ज्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. परीक्षक चार कसोट्यांवर गुण देतात : विचारलेल्याला दिलेलं उत्तर, मांडणीतला सलगपणा, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. म्हणजे निम्मा भार असा, की एकही वाक्य न चुकतासुद्धा तुम्ही गुण गमावू शकता. मुद्दा पुरेसा फुलवला नाही, किंवा तुमची भूमिका शेवटपर्यंत एक राहिली नाही, तर व्याकरण कितीही चोख असलं तरी ६.५ वर थांबायला होतं.

पीटीईत रायटिंगचा आकडा फक्त निबंधातून येत नाही. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप करण्याचा एक प्रकार आहे, ‘राइट फ्रॉम डिक्टेशन’. त्याचे गुण लिसनिंगला जातात आणि रायटिंगलाही जातात. ऐकलेल्या भाषणाचा सारांश लिहिण्याचंही तसंच. ज्याचे कान आणि स्पेलिंग पक्के आहेत, त्याच्या रायटिंगच्या आकड्यात युक्तिवाद रचण्याशी संबंध नसलेले गुण मिसळतात. तुमचे ७२ खोटे नाहीत. ते वेगळ्या कामाचे ७२ आहेत. त्याचप्रमाणे तुमचे ६.५ म्हणजे ‘इंग्रजी लिहिता येत नाही’ असंही नाही. साठ मिनिटांत, अनोळखी विषयावर, परीक्षकाच्या चार कसोट्यांवर लिहिताना तुम्ही त्या दिवशी ७ च्या किंचित खाली होता, एवढंच ते सांगतात.

रीडिंगमध्ये हेच उलटं झालं. आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये तीन मोठे उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. साधारण ३० बरोबर उत्तरांना ७ आणि ३५ ला ८ मिळतात, म्हणजे अर्धा बँड दोन-तीन प्रश्नांचा खेळ असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. लांब उताऱ्यातून माहिती शोधून काढायची सवय कारखान्यातली मॅन्युअल्स वाचणाऱ्याला असतेच, तिथे तुम्ही ७.५ काढलेत. पीटीईत वाक्यांतल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात. तिथे नुसता अर्थ कळून भागत नाही, कुठल्या शब्दाला कुठला शब्द जोडून येतो याची कानाला सवय लागते. शिवाय अनेक उत्तरं निवडायच्या प्रश्नांत चुकीच्या निवडीला गुण कापले जातात. बरेच जण ‘दोन निवडू, एक तरी लागेल’ म्हणून गुण घालवतात. तुम्हीही तसं करत होता का, हे एकदा आठवून बघा.

स्पीकिंगबद्दल थोडक्यात. पीटीईत मायक्रोफोनसमोर बोलायचं, त्यातलं बरंचसं वाचून दाखवायचं किंवा ऐकून पुन्हा म्हणायचं असतं. आयईएलटीएसमध्ये ११ ते १४ मिनिटं समोरच्या माणसाशी बोलायचं असतं, आणि तिसऱ्या भागात तो अमूर्त विषयांवर ‘का?’ विचारत जातो. अस्खलित वाचणाऱ्याला ८४ आणि विचार करत बोलणाऱ्याला ७, असा फरक मी वारंवार पाहिला आहे. ऑस्ट्रेलियाने बोलण्याचा उंबरठा ६५ वरून ७६ वर नेला, तो याच तफावतीमुळे.

ओव्हरऑल ७ चा गोंधळही इथेच मिटवते. तुमच्या चार बँडची बेरीज २८.५, सरासरी ७.१२५. ती जवळच्या अर्ध्या बँडला नेली की ७. पण ‘प्रोफिशियंट’साठी सरासरी कुणी विचारत नाही, चारही कौशल्यांत प्रत्येकी ७ लागतात. विद्यापीठांच्या जाहिरातींत ‘ओव्हरऑल ७’ वाचून लोक पीआरचा हिशोब मांडतात आणि फसतात. दोन परीक्षांमधले चांगले चांगले तुकडे जोडताही येत नाहीत. पीटीईचं रायटिंग आणि आयईएलटीएसचं रीडिंग असं एकत्र धरलं जाणार नाही.

मग काय करायचं? कन्सल्टंटचा सल्ला वेडगळ नाही, कागदावर तो बरोबर दिसतो. तुमचे जूनचेच गुण पुन्हा पडले, तर काम झालं. पण उंबरठ्यापासूनचं अंतर मोजा. ऐकण्यात नऊ गुण वर, बोलण्यात आठ वर, हे ठीक. लिहिण्यात फक्त तीन वर, वाचण्यात फक्त दोन वर. कुठल्याही परीक्षेत तोच माणूस पंधरा दिवसांनी बसला तरी गुण दोन-चारने हलतात : प्रश्न वेगळे असतात, झोप वेगळी असते, शेजारच्या टेबलावरचा आवाज वेगळा असतो. दोन गुणांच्या आधारावर मी कुणाला निर्धास्त म्हणणार नाही. शिवाय ७ ऑगस्ट २०२५ पासून पीटीईचा साचाही थोडा बदलला. बोलण्यात गटचर्चेचा सारांश सांगणं आणि दिलेल्या प्रसंगाला प्रतिसाद देणं हे दोन नवे प्रकार आले, आणि काही उत्तरं आता माणसांकडूनही तपासली जातात. पाठ केलेल्या साच्यांवर तुमचे ८४ उभे असतील, तर ते तसेच राहतील हे गृहीत धरू नका.

तुमच्यापुढे दुसरी वाट आहे, आणि तिला तारीख आहे. कॉम्प्युटरवर आयईएलटीएस दिलेल्यांना एकाच कौशल्याची फेरपरीक्षा देता येते, तिला ‘वन स्किल रिटेक’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी ती चालते. मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत ती द्यावी लागते. १३ डिसेंबरपासून साठ दिवस म्हणजे ११ फेब्रुवारी. एका परीक्षेवर एकदाच ही संधी मिळते. नव्या निकालपत्रावर रायटिंगचा नवा गुण आणि बाकीचे तीन जुने गुण येतात. तुमचे बाकीचे तिन्ही आधीच ७ किंवा वर आहेत, त्यामुळे ही सोय जणू तुमच्याचसाठी आहे. नवा गुण कमी आला, तर जुनं निकालपत्र हातात राहतंच. मी तुमच्या जागी असते, तर आधी हे करीन आणि पीटीई त्यानंतरसाठी राखून ठेवीन. तुमच्या परीक्षाकेंद्रावर ही सोय आहे का आणि जागा आहे का, हे याच आठवड्यात विचारा.

फेरतपासणीचाही पर्याय आहे, सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा असतो. तुमच्या बाबतीत मला त्याची फारशी आशा नाही. बाकी सगळं ८ आणि रायटिंग ६ असं असतं, तर मी म्हटलं असतं की जरूर करा. रायटिंग इतरांपेक्षा अर्धा किंवा एक बँड खाली असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे.

उरलेले आठवडे कुठे लावायचे? इंजिनिअर मंडळींचं पहिलं लेखन बहुतेक एकाच ठिकाणी अडतं. आलेखातला प्रत्येक आकडा क्रमाने लिहून टाकायचा, आणि एकूण चित्र काय हे सांगायचंच नाही. ७ बँडसाठी मुख्य कल स्पष्ट सांगणारा आढावा लागतो : काय वाढलं, काय घटलं, कशाची जागा कशाने घेतली. आकडे नसले तरी चालतील अशी दोन वाक्यं आधी लिहा, मग आकडे. निबंधात पाच मुद्दे कोंबू नका. दोन घ्या आणि प्रत्येकाला कारण व उदाहरण द्या. आणि व्याकरणाच्या कसोटीत ७ साठी बऱ्याच वाक्यांत एकही चूक नसावी लागते, म्हणून शेवटची चार मिनिटं फक्त ‘ए’, ‘द’ आणि क्रियापदाच्या शेवटच्या ‘एस’वर नजर फिरवायला ठेवा. नाशिकमध्ये तुम्हाला शब्दांच्या याद्या देणारे क्लास भरपूर भेटतील. तुम्हाला याद्या नकोत, लिहिलेले निबंध वाचून त्यावर लाल पेन चालवणारा माणूस हवा.

आता मुदत. निकाल ‘एक्स्पायर’ होतो म्हणजे त्यावरचा गुण पुसला जातो असं नाही. तो मान्य करायचा की नाही, हे समोरचं कार्यालय ठरवतं, आणि प्रत्येक कार्यालय वेगळं ठरवतं. आयईएलटीएस आणि पीटीई दोन्ही परीक्षा चालवणारे दोन वर्षं म्हणतात, कारण वापर सुटला की भाषा मागे पडते आणि जुना गुण आजच्या माणसाविषयी काही सांगत नाही. ऑस्ट्रेलियाचा गृह विभाग मात्र तुमच्या प्रकारच्या व्हिसासाठी तीन वर्षांपर्यंतचा निकाल धरतो. पॉइंट्ससाठी मोजणी परीक्षेच्या तारखेपासून ते निमंत्रण येतं त्या दिवसापर्यंत होते. तुमचा डिसेंबरचा निकाल म्हणून २०२८ च्या डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुरेल. पण विद्यार्थी व्हिसाला दोनच वर्षं, आणि तुमचं इंजिनिअरिंग कौशल्य तपासणारी संस्था आपली मुदत स्वतःच ठरवते. एकच कागद एका खिडकीवर चालतो आणि दुसऱ्या खिडकीवर शिळा ठरतो, म्हणून प्रत्येक खिडकीसाठी शेवटची तारीख वेगळी लिहून ठेवा. एका कौशल्याची फेरपरीक्षा दिलीत, तरी मुदतीचा हिशोब मूळ १३ डिसेंबरपासूनच धरा, म्हणजे घात होणार नाही. आणि निकाल ऑनलाइन पाठवायचे असतील, तर परीक्षा चालवणाऱ्यांची दोन वर्षं संपण्याआधी पाठवून टाका.

जूनचा पीटीई निकालही फेकू नका. त्यात चारही ठिकाणी ५० च्या वर आहेत, म्हणजे जुन्या तक्त्यानुसार ‘कॉम्पिटंट’ पातळी तुमची आहेच. तिला पॉइंट शून्य, पण अर्जाची इंग्रजीची अट त्यावर भागते. दहा गुण मिळेपर्यंत एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे निमंत्रणासाठीची इच्छानोंद, त्यावर भरून ठेवता येईल आणि नंतर सुधारता येईल.

कॅनडाच्या पीआरसाठी मात्र तुमच्या हातातले दोन्ही निकाल निरुपयोगी आहेत. तिथल्या एक्स्प्रेस एंट्री या पीआरच्या योजनेला आयईएलटीएसची जनरल ट्रेनिंग लागते, ॲकॅडमिक नाही. आणि पीटीईची ‘कोअर’ लागते, ‘ॲकॅडमिक’ नाही. तिथे मुदतही दोनच वर्षं, आणि प्रोफाइल भरताना व अर्ज करताना दोन्ही वेळा निकाल जिवंत असावा लागतो. त्यांचं मोजमापही निराळं आहे. त्यांची नववी पातळी गाठायला आयईएलटीएसमध्ये लिसनिंगला ८ लागतात, पण रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंगला ७ पुरतात. तुमच्या लिसनिंगच्या ७.५ चा तिथे आठवा स्तर होतो. कॅनडा मनात असेल, तर ती स्वतंत्र परीक्षा समजा आणि ऑस्ट्रेलियाचं काम संपल्यावरच तिच्यासाठी पैसे भरा.

शेवटची एक विनंती. कन्सल्टंटकडच्या भिंतीवरच्या तक्त्यावर ‘७ = ६५’ असं अजूनही छापलेलं असेल, तर तो ऑगस्ट २०२५ आधीचा आहे. त्यावर निर्णय घेऊ नका, गृह विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या व्हिसाच्या पानावरचे आकडे स्वतः वाचा.